‘साठ’चे ‘आठ’ कसे होतात? कमी ऐकू येणाऱ्या मैत्रिणीसाठी मंडईतलं एक नाटुकलं

पुण्यातल्या मंडईत सकाळी दहा वाजता कोणी तुम्हाला पाठमोरं उभं राहून वांग्याचा भाव सांगितला, तर तो पहिल्या फटक्यात कळेल का? बहुतेक नाही. तुम्ही पुढे वाकाल, ‘काय म्हणालात?’ असं विचाराल, समोरच्याच्या तोंडाकडे बघाल. मंडईत हे सगळेच करतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

आता हाच प्रसंग चौथीच्या वर्गात घडतो, असं समजा. कानात मशीन घातलेली एक मुलगी ‘काय म्हणालास?’ असं विचारते आणि शेजारचा मुलगा म्हणतो, ‘जाऊ दे, नंतर सांगतो.’ ते ‘नंतर’ बहुतेक वेळा येतच नाही. कमी ऐकू येणारी मुलं वर्गात एकटी पडतात, त्याची सुरुवात अनेकदा या एका वाक्यापासून होते. भांडण नाही, चिडवणं नाही, तरी ती मुलगी गप्पांमधून बाहेर गेलेली असते.

हे मुलांना भाषण देऊन समजत नाही. करून दाखवलं की समजतं. म्हणून हे सात-आठ मिनिटांचं नाटुकलं. तिसरी ते पाचवीच्या मुलांना करता येईल असं आणि सामान म्हणून दोन पिशव्या, थोडी भाजी, एक पुठ्ठा आणि कोथिंबिरीची एक जुडी एवढंच लागणारं. पण त्याआधी मुलांना (आणि मोठ्यांनाही) एक गोष्ट कळायला हवी.

हाक मारली की वळते, मग ऐकू येत नाही कसं?

वर्गातल्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो. ‘तिला येतं ऐकू. मुद्दाम करते.’

खरं असं आहे की आवाज ऐकू येणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. ‘स’, ‘श’ यांसारखे आवाज मात्र बारीक, हवेच्या फुसकारीसारखे असतात. अनेक मुलांना जाड आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात आणि हे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला ‘साठ’ म्हटलं तर पुढचा ‘स’ गळून पडतो आणि कानावर ‘आठ’ येतं. त्याला आवाज आला, शब्दही ओळखीचा वाटला, फक्त तो चुकीचा शब्द होता. त्यामुळे आपण चुकीचं ऐकलं, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

‘मग ओठांकडे बघायचं ना!’ असं कोणी म्हणेल. ओठ मदत करतात, पण अर्धवट. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाव’ म्हणा आणि मग ‘भाव’ म्हणा. ओठ अगदी सारखेच हलतात. प, ब, भ आणि म या चारही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात. त्यांच्यातला फरक घशात, श्वासात आणि नाकात असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. ‘क’ आणि ‘ग’ तर तोंडात इतके मागे होतात की ते दिसतच नाहीत.

कानातलं मशीन यातलं बरंच काही परत मिळवून देतं, पण ते चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की स्पष्ट दिसतं. मशीन मात्र मैत्रिणीच्या आवाजाबरोबर पंखा, बाकांची खरखर आणि मागच्या रांगेतली कुजबुज हेही मोठं करतं. आधुनिक मशीन गोंगाट थोडा दाबतात, तरी बोलणारा साधारण एक-दोन मीटरच्या आत असेल तेव्हाच त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग होतो. म्हणूनच हे नाटुकलं मंडईत घडतं. दगडी इमारत, उंच छत आणि चारी बाजूंनी हाका. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचं नाव मिळालेल्या या जागी चांगले कान असलेल्यांनाही शब्द पकडायला कष्ट पडतात. तिथे ‘काय म्हणालात?’ हा प्रश्न सगळ्यांचाच असतो.

नाटुकलं: भोगीची भाजी

*पात्रं: रेवा (कानाला मशीन आहे), सोहम, तन्वी, कबीर, भाजीवाल्या मावशी आणि सूत्रधार. गोंगाटासाठी पाच-सहा मुलं.*

*मांडणी: एका बाकावर भाजी मांडून मावशी बसल्या आहेत. गोंगाटाची मुलं दोन्ही बाजूंना उभी राहून ‘ताजी मेथी!’, ‘लिंबं घ्या लिंबं!’ असं ओरडत आहेत.*

सूत्रधार: (प्रेक्षकांना) आधी एक खेळ. मी आवाज न काढता एक शब्द बोलणार. ‘पाव’ वाटला तर एक बोट वर करा, ‘भाव’ वाटला तर दोन. (ओठ हलवतो. प्रेक्षक बोटं दाखवतात.) अरे, अर्धा वर्ग एक आणि अर्धा वर्ग दोन! मी ‘भाव’ म्हणालो होतो. आता चला मंडईत.

*(चौघं येतात. गोंगाट सुरू.)*

सोहम: उद्या भोगी. बाईंनी यादी दिलीय. गाजर, वांगी, पावटा, हरभरा. तन्वी, तू गाजर बघ. कबीर, तू पावटा. मी पैसे सांभाळतो.

रेवा: आणि मी?

सोहम: तू पिशवी धर.

रेवा: मला पण भाजी घ्यायचीय.

सोहम: (वैतागून, यादीत बघत, पाठ फिरवून) बरं, गाजराचा भाव विचार.

रेवा: (मावशींना) मावशी, गाजर पाव द्या.

*(मावशी पाव किलो तोलून देतात.)*

सोहम: अगं, भाव! भाव विचार म्हटलं! आपल्याला एक किलो हवंय.

कबीर: तिला काही सांगूच नको.

रेवा: (हळूच) वांगी मी घेते. (मावशींना) वांगी कशी दिली?

मावशी: (खाली वाकून टोपलीत बघत) साठ.

रेवा: (खूश होऊन) आठ? एक किलो द्या! (दहाची नोट देते आणि उरलेल्या दोन रुपयांसाठी हात पुढे करते.)

*(सगळे हसतात. रेवाही हसते, कारण सगळे हसत आहेत. मग थांबते.)*

रेवा: काय झालं?

तन्वी: काही नाही. जाऊ दे.

रेवा: सांग ना.

सोहम: (ओरडून, तोंड वेडंवाकडं करत) नं-त-र सां-ग-तो!

*(रेवा पिशवी खाली ठेवते आणि बाजूला जाऊन उभी राहते. गोंगाट एकदम थांबतो. पाच सेकंद शांतता.)*

मावशी: काय रे पोरांनो, तिला का रुसवलं?

सोहम: आम्ही कुठे रुसवलं? तिला ऐकूच येत नाही.

मावशी: इथं कोणाला येतंय? वांग्याचा भाव तू ऐकलास?

सोहम: हो. चाळीस.

तन्वी: नाही, साठ!

कबीर: मला तर सात वाटलं.

मावशी: बघा! आणि चूक माझीच. टोपलीत तोंड घालून बोलले मी. (रेवाला हाताने बोलावते, ती समोर आल्यावर बोलते.) बाळा, हे बघ. (दहाची नोट वर धरते आणि सहा बोटं दाखवते.) दहाच्या सहा नोटा. साठ. (पुठ्ठ्यावर खडूने ६० लिहून वांग्यांत खोचते.)

रेवा: साठ! मला ‘आठ’ ऐकू आलं. मला ‘स’ नीट येत नाही.

तन्वी: मग आम्ही कसं बोलायचं?

रेवा: आधी माझ्यासमोर ये. हात दाखव किंवा खांद्याला हात लाव, मग बोल. ओरडू नको. ओरडलं की तुझं तोंड सिंहासारखं होतं, मला काहीच कळत नाही.

कबीर: आणि नाही कळलं तर?

रेवा: तेच तेच परत बोलू नको. वेगळं सांग. नाहीतर लिही. पण ‘जाऊ दे’ म्हणू नको.

सोहम: पण आम्ही चौघं एकदम बोलतो तेव्हा?

रेवा: तेव्हा तर मला कळतच नाही कोणाकडे बघायचं. एकाकडे बघेपर्यंत दुसरा बोलून जातो.

मावशी: (कोथिंबिरीची जुडी उचलून) ही घ्या. जुडी ज्याच्या हातात, तोच बोलेल.

*(गोंगाट पुन्हा सुरू, थोडा हळू. जुडी सोहमकडे.)*

सोहम: (रेवासमोर येऊन) वांगी साठ रुपये किलो. घ्यायची का? (जुडी देतो.)

रेवा: महाग आहेत. मी विचारते. मावशी, पन्नासला द्या ना!

मावशी: (जुडी घेऊन, रेवाकडे बघत) नाही जमणार.

रेवा: पंचावन्न?

मावशी: (जोरजोरात मान हलवत) नाही म्हणजे नाही!

रेवा: (प्रेक्षकांना) हे मात्र एकदम स्पष्ट कळलं.

*(सगळे हसतात, या वेळी रेवासोबत. रेवा सोहमच्या हातात पिशवी देते.)*

रेवा: पिशवी तू धर. पावटा मी घेते.

*(समाप्त)*

यातल्या पाच सेकंदांच्या शांततेला इतकं महत्त्व का?

बसवताना मुलं सगळ्यात आधी घाई करतात ती याच ठिकाणी. रेवा बाजूला गेली की पुढचं पात्र लगेच बोलायला लागतं. तसं होऊ देऊ नका. एक ते पाच आकडे मनात मोजायला लावा. तोपर्यंत प्रेक्षकांमधली मुलं सोहमबरोबर हसलेली असतात. शांततेत त्यांना आपलंच हसणं आठवतं. तिथे सूत्रधाराने ‘मुलांनो, हे चुकलं’ असं सांगायची गरज नाही आणि सांगितलं तर परिणाम जातो.

रेवाचं सगळ्यांबरोबरचं हसणंही नीट करून घ्यायला हवं. न कळता हसणं, न कळता ‘हो’ म्हणून मान हलवणं हे कमी ऐकू येणारी मुलं रोज करतात. प्रत्येक वेळी ‘काय?’ विचारायचा कंटाळा येतो आणि लाजही वाटते. त्यामुळे ‘कळलं का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी ‘गाजर घ्यायचं की वांगी?’ असं विचारलं, तर खरंच कळलं आहे की नाही ते उत्तरातूनच समजतं.

ओरडल्याने काय बिघडतं?

‘मोठ्याने बोला’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच बरोबर आहे. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात. ‘साठ’मधला ‘आ’ मोठा होतो, ‘स’ त्यामानाने फारसा वाढत नाही. म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं झालं आणि जे निसटत होतं ते त्याखाली दबलं. शिवाय ओठांचा नेहमीचा आकार बिघडतो.

जवळ जाणं हा त्याहून सोपा उपाय. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की कानापर्यंत पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरवरून एक मीटरवर आलात तर १२ डेसिबल, तेही घसा न ताणता. वर्गाच्या चार भिंतींत फरक याहून थोडा कमी पडतो, पण दिशा तीच. नाटुकल्यात सोहम बोलण्याआधी समोर चालत येतो, ते यासाठी. ती चार पावलं प्रेक्षकांना दिसली पाहिजेत.

कोथिंबिरीची जुडी वर्गात कशी येते?

दोघांच्या गप्पांत कमी ऐकू येणारं मूल बऱ्यापैकी टिकतं. खरी अडचण गटकामात असते. चार जण, चार दिशा आणि एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. कोण बोलतंय ते शोधण्यातच अर्धं वाक्य निघून जातं. जुडीमुळे दोन गोष्टी होतात. एका वेळी एकच जण बोलतो आणि कोणाकडे बघायचं ते लांबूनच दिसतं.

प्रयोगानंतर वर्गात जुडीची जागा डस्टर किंवा एखादी रंगीत पट्टी घेऊ शकते. सुरुवातीला मुलं कंटाळतात, कारण बोलणं हळू होतं. म्हणून ती दिवसभर वापरू नका, गटकामापुरतीच ठेवा. त्याचा फायदा एरवी मागे बसून गप्प राहणाऱ्या बाकीच्या मुलांनाही होतो, कारण त्यांनाही हक्काची पाळी मिळते.

रेवाचं काम कोणी करायचं?

इथे बऱ्याच शाळांची गडबड होते. वर्गात खरंच मशीन घालणारी मुलगी असेल तर ‘तूच कर रेवा’ असं तिला सगळ्यांसमोर सांगितलं जातं. तिने आधीच रोज जे सोसलंय ते पुन्हा स्टेजवर, टाळ्यांसाठी करायचं, ही अपेक्षा बरोबर नाही. तिला आधी एकटीला, शांत खोलीत विचारा. तिला रेवा व्हायचं असेल तर होऊ द्या. तिला मावशी व्हायचं असेल तर तेही उत्तम. तिला भागच घ्यायचा नसेल, तर तोही निर्णय तिचाच.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून नक्की घ्या. ‘अशा वेळी तुला काय बरं वाटतं?’ हे विचारा आणि रेवाची वाक्यं त्याप्रमाणे बदला. एखादीला खांद्याला हात लावलेला आवडत नसेल. एखादीच्या एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, तर ‘समोर ये’च्या जोडीला ‘उजव्या बाजूला बस’ हे वाक्य लागेल. एकाच कानाचा दोष असलेल्या मुलांकडे तर दुर्लक्षच होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल श्रवणदोष असला तरच तो दिव्यांगत्वात धरतो, त्यामुळे या मुलांकडे प्रमाणपत्र नसतं. गोंगाटात त्यांनाही शब्द सापडत नाहीत.

जी मुलं बोलण्यापेक्षा खुणांनी जास्त बोलतात, त्यांच्यासाठी ही संहिता अशीच्या अशी चालणार नाही. तिथे ‘साठ’, ‘वांगी’, ‘पैसे’, ‘परत सांग’ यांच्या खुणा बाकीच्या पात्रांना शिकाव्या लागतील. त्या मुलाकडूनच शिकणं सगळ्यात चांगलं. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने तयार केला आहे. त्याचाही उपयोग होतो.

कुठे फसतं?

पहिली चूक म्हणजे रेवाला बिचारी करणं. तिच्यावर करुण संगीत लावलं की मुलांना दया येते. दया आली की मुलं तिला खाऊ देतात, तिची पिशवी उचलतात, पण तिच्याशी गप्पा मारत नाहीत.

दुसरी चूक याच्या उलट. शेवटी रेवा काहीतरी अचाट करते, चोर पकडते, मग सगळे तिला गटात घेतात. यातून मुलांना असं कळतं की गटात यायला आधी काहीतरी करून दाखवावं लागतं. म्हणून या नाटुकल्यात रेवा घासाघीस करते आणि हरते. मावशी तिच्यासाठीही भाव उतरवत नाहीत. बाकीच्यांसारखीच वागणूक तिला मिळते.

तिसरी चूक कानात कापूस घालून ‘अनुभव’ देण्याची. कापसाने आवाज फक्त थोडा दबतो. साठचा आठ होत नाही आणि दोन मिनिटांनी कापूस काढता येतो. त्यापेक्षा सुरुवातीचा ‘पाव की भाव’ खेळ जास्त खरा आहे, कारण त्यात मुलं पूर्ण लक्ष देऊनही चुकतात.

जमलं की नाही, कसं ओळखायचं?

टाळ्यांवरून नाही. प्रयोगानंतर आठवडाभराने मधल्या सुट्टीत लांबून बघा. डब्याभोवती मुलं गोल बसली आहेत का, म्हणजे तिला सगळ्यांची तोंडं दिसतात का? विनोद झाला आणि तिला कळला नाही, तर कोणी तो परत सांगतंय का? आणि ‘जाऊ दे’ कोणी म्हणालं, तर दुसरं मूल त्याला अडवतंय का?

यातलं काहीच दिसलं नाही, तर पुन्हा अख्खं नाटुकलं करायची गरज नाही. वर्गात दोनच मिनिटं ‘पाव की भाव’ खेळा. या वेळी ओठ हलवायचं काम तिला द्या आणि ओळखायचं काम बाकीच्यांना.